दोन मेणबत्त्यांची एक करून बघा

शेअरच्या चार्टवर बुलिश एन्गल्फिंग, म्हणजे कालच्या लाल कॅण्डलला गिळणारी आजची हिरवी कॅण्डल, दिसलं की हात आपोआप बायच्या बटणाकडे जातो. माझाही जायचा. कॅण्डल म्हणजे दिवसभराच्या भावाचं मेणबत्तीसारखं चित्र; तिचं नाव ओळखता आलं म्हणजे बाजार कळला, असं मला पहिली दोन वर्षं वाटत होतं. तेवढ्यात बरेच स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरायला आधीच लावून ठेवलेल्या ऑर्डरी, उडाले. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, पण सावकाश.

समजा, एक शेअर महिनाभर 400 ते 440 रुपयांच्या रेंजमध्ये फिरतोय. खाली 400 ला दोनदा ठेच लागून वर आलाय, वर 440 ला दोनदा अडलाय. रोजची चढउतार साधारण सात-आठची.

आता मधली जागा बघा. काल 421 ला उघडून 418 ला बंद, म्हणजे लाल कॅण्डल. आज 417.5 ला उघडला, 416.5 चा लो लावला आणि 422 ला बंद झाला. ओपन ते क्लोज हा कॅण्डलचा जाड भाग म्हणजे बॉडी. आजच्या हिरव्या बॉडीनं कालची लाल बॉडी गिळली. पुस्तकी व्याख्येत चोख बसणारं एन्गल्फिंग. पण या दोन दिवसांची एकच कॅण्डल करून बघा. ओपन पहिल्या दिवसाचा, क्लोज दुसऱ्या दिवसाचा, हाय-लो दोन्ही मिळून. 421 ला उघडला, 422 ला बंद. दोन दिवसांची कमाई एक! ही तर जवळजवळ डोजी, म्हणजे उघडली तिथंच बंद होणारी कॅण्डल, झाली. ज्याला आपण ‘खरेदीदारांनी ताबा घेतला’ म्हणत होतो, ते दोन दिवसांच्या चार्टवर ‘कुणाचंच काही ठरलं नाही’ असं दिसतं.

आता हाच आकार खालच्या टोकाला घेऊ. काल 404 ला उघडून 401 ला बंद. आज 400.5 ला उघडला, घसरत 397 ला गेला आणि 405 ला बंद झाला. यांची एक कॅण्डल केली तर 404 ला ओपन, 405 ला क्लोज. इथंही बॉडी एकचीच! मग फरक कुठं आहे? बॉडीच्या खाली लोपर्यंत जाणाऱ्या शेपटीत. आणि ती शेपटी नुसती लांब आहे म्हणून नव्हे, तर ती 400 च्या खाली गेली होती म्हणून.

400 च्या खाली काय असतं ते डोळ्यासमोर आणा. आधीच्या दोन उसळ्यांमध्ये खरेदी केलेल्यांचे स्टॉपलॉस 399, 398 ला लागलेले असतात. ‘सपोर्ट तुटला की शॉर्ट करू’, म्हणजे हा आधार तुटला की आधी विकून नंतर स्वस्तात घेऊ, म्हणून टपून बसलेलेही तिथंच विकतात. म्हणजे भाव 400 च्या खाली आल्याबरोबर विक्रीची लाट येते. एवढी विक्री होऊनही दिवसअखेर भाव 405 ला असेल, तर तो सगळा माल कुणीतरी उचललाय. आणि 398 ला शॉर्ट करणारा आता सात तोट्यात अडकलाय. त्याला बाहेर पडायला खरेदीच करावी लागणार. पुढच्या चढाला हे इंधन मिळतं. मघाच्या 417 ला असं कोण अडकलं होतं? फारसं कुणीच नाही. तिथं ना कुणाचे स्टॉपलॉस गठ्ठ्यानं पडलेले, ना कुणाला तो भाव राखायचाय.

डोजीचंही तेच. ओपन आणि क्लोज सारखेच, म्हणजे दोन्ही बाजूंना तो भाव पटलेला. रेंजच्या मध्यावर ही रोजचीच अवस्था आहे. तिथली डोजी काही नवीन सांगत नाही. पण 425 पासून सलग चार मोठ्या लाल कॅण्डल येऊन 401 ला डोजी झाली, तर कालपर्यंत विकणाऱ्यांचा जो जोर लागू पडत होता, तो आज पडला नाही. तरीही मी लगेच हात घालत नाही. डोजीच्या हायच्या वर पुढची कॅण्डल बंद होऊ देतो.

हिशेबही बघा. खाली 405 ला घेतलं, स्टॉप 396 ला, लक्ष्य 440: जोखीम नऊची, मिळकत पस्तीसची. पाचातले चार सौदे चुकले तरी जवळजवळ बरोबरी. मध्ये 422 ला घेतलं तर 416 चा स्टॉप रोजच्या चढउतारातच उडतो, म्हणून तो 412 ला न्यावा लागतो. मग जोखीम दहाची, मिळकत अठराची; तीनातला एकाहून जास्त सौदा बरोबर यायला हवा. आणि तो बरोबर का यावा, याचं कारण त्या जागेवर नाही.

एक चलाखी मात्र आपण सगळेच करतो. कॅण्डल आवडली की तिच्याखाली रेघ ओढतो आणि म्हणतो, बघा, सपोर्टवर आली! रेघ कॅण्डलच्या आधी चार्टवर असली पाहिजे. आणि ती रेघ म्हणजे खरं तर पट्टा, आपल्या उदाहरणात 397 ते 402 चा. चौथ्या-पाचव्यांदा भाव तिथं आला की मला धास्तीच वाटते, कारण दर खेपेला तिथले घेणारे थोडे संपतात. दुसऱ्या दिवशी 397 च्या खाली क्लोज आला, की ते एन्गल्फिंग मेलं. तेव्हा अडकलेले आपण असतो, आणि आपल्या विक्रीवर दुसऱ्याचा शॉर्ट चालतो.