भागीदारी बुडाली, एक भागीदार नादार निघाला: त्याची तूट कुणी भरायची?

नमस्कार मंडळी. आज एकच गणित करायचंय, पण त्याची उत्तरं दोन येतात. थोरल्या भावाला 5 लाख 90 हजार मिळतात की 5 लाख 60 हजार? मधल्याच्या हातात 20 हजार पडतात, की त्यालाच खिशातून 10 हजार भरावे लागतात? ताळेबंद तोच, विक्रीचे आकडे तेच. बदलतो फक्त एक नियम.

गोष्ट इचलकरंजीतली समजा. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तीन भाऊ, भागीदारीत यंत्रमागाचा कारखाना. नफा-तोटा समान, पण भांडवल मात्र समान नाही. थोरल्याचे 9 लाख, मधल्याचे 3 लाख, धाकट्याचे फक्त 60 हजार. धाकटा माग चालवणार, थोरला पैसा घालणार, असं ठरलेलं. अशा भागीदाऱ्या आपल्याकडे गावोगावी आहेत, आणि भांडण नेमकं इथूनच सुरू होतं. चालू धंद्यात हा फरक कुणाला टोचत नाही. मोडताना टोचतो.

[स्क्रीनवर ताळेबंद]

बघा. देण्यांच्या बाजूला सूत व्यापाऱ्यांचे 4 लाख. थोरल्यानं भांडवलाशिवाय वेगळं दिलेलं कर्ज 1 लाख. मग तिघांची भांडवलं. एकूण 17 लाख 60 हजार. मालमत्तेच्या बाजूला माग 9 लाख, सूत आणि कापडाचा साठा 5 लाख, येणी 3 लाख, बँकेत 60 हजार. तीही बेरीज 17 लाख 60 हजार.

आता विसर्जन. पुस्तकात 9 लाखांना उभे असलेले माग विकायला काढले की त्यांची खरी किंमत कळते. जुने साधे माग चालू स्थितीत घेणारा मिळाला तर ठीक, नाहीतर भंगारवाला वजनावर भाव लावतो. इथे मागांचे 4 लाख 20 हजार आले. साठ्याचे साडेतीन लाख. येण्यांतले 2 लाख 10 हजार, कारण कारखाना बंद होतोय हे कळल्यावर काही जणांना अचानक कापडात खोट दिसायला लागते. एकूण वसुली 9 लाख 80 हजार. दलाली आणि इतर खर्च 30 हजार.

यासाठी वसुली खातं उघडायचं. त्यात माग, साठा, येणी पुस्तकी किमतीला नावे टाकायची, म्हणजे 17 लाख. व्यापाऱ्यांचं देणं जमेला, 4 लाख. मग विक्रीचे पैसे जमेला. व्यापाऱ्यांना दिलेले पैसे आणि खर्च नावे. दोन बाजूंतला फरक येतो साडेसात लाख. तोटा.

दोन गोष्टी या खात्यात जात नाहीत आणि परीक्षेत निम्मी गणितं तिथेच फसतात. एक, बँकेतली शिल्लक. ती विकायची नसते, ती आधीच पैसा आहे. दोन, भागीदारानं दिलेलं कर्ज. थोरल्याचा 1 लाख वसुली खात्यात टाकलात की तो बाहेरच्या देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि कायदा त्याला तिथे बसू देत नाही. मात्र तेच पैसे थोरल्याच्या बायकोनं स्वतःच्या नावानं दिले असते, तर ती बाहेरची धनको. तिचा नंबर सूत व्यापाऱ्यांबरोबर लागला असता.

ही रांग भारतीय भागीदारी अधिनियम 1932 च्या कलम 48 मध्ये आहे. आधी बाहेरच्यांची देणी. मग भागीदारांची कर्जं. मग भांडवल. त्यातूनही काही उरलंच तर नफ्याच्या प्रमाणात. करारपत्रात भागीदारांनी आपसात वेगळं ठरवलं असेल तर ते चालतं, पण बाहेरच्यांचा पहिला हक्क त्यानं हलत नाही.

तोटा वाटूया. साडेसात लाखांचे तीन समान भाग, प्रत्येकी अडीच लाख. थोरला 9 लाखांवरून साडेसहा लाखांवर आला. मधला 3 लाखांवरून 50 हजारांवर. आणि धाकटा? 60 हजारांतून अडीच लाख वजा. म्हणजे नावे बाकी, 1 लाख 90 हजार. तो संस्थेला देणं लागतो.

इथे थांबा आणि बँक तपासा. 60 हजार होते, 9 लाख 80 हजार आले, 30 हजार खर्च गेला, 4 लाख व्यापाऱ्यांना, 1 लाख थोरल्याच्या कर्जाचे. उरले 5 लाख 10 हजार. थोरला आणि मधला मिळून मागतायत 7 लाख. कमी किती? बरोबर 1 लाख 90 हजार. आकडा जुळला नाही तर पुढे जाऊच नका, चूक मागे आहे.

धाकट्यानं 1 लाख 90 हजार आणून भरले तर विषय संपला. थोरला साडेसहा लाख घेऊन जातो, मधला 50 हजार, बँक शून्य. पुस्तकातली पहिली दहा गणितं अशीच सुटतात.

पण धाकटा नादार आहे. त्याच्या खासगी मालमत्तेतून, त्याची खासगी देणी फेडून, फक्त 70 हजार आले. राहिली 1 लाख 20 हजारांची तूट. ही कुणाच्या अंगावर?

पहिलं उत्तर: नफा-तोट्याच्या प्रमाणात. थोरला आणि मधला समान भागीदार, म्हणून 60-60 हजार. थोरल्याला मिळतात 5 लाख 90 हजार. मधल्याचे होते 50 हजार, त्यातून 60 गेले. आता तोच 10 हजार देणं लागतो. 3 लाख घालून बसलेला माणूस, सगळं गमावून वर 10 हजार भरतो. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला वाणिज्य शाखेत हीच पद्धत शिकवतात, त्यामुळे बारावीवाल्यांनी पेपरात हेच लिहायचं.

दुसरं उत्तर सीएच्या अभ्यासात भेटतं. ते आलं इंग्लंडमधल्या एका खटल्यातून: गार्नर विरुद्ध मरे, 1904. तिथेही तीन भागीदार, नफा समान, भांडवल असमान. गार्नरचे 2,500 पौंड, मरेचे 314, आणि तिसरा विल्किन्स, त्याच्या खात्यावर आधीच 263 पौंड नावे. मालमत्ता विकून तोटा आला 635 पौंड, आणि विल्किन्सकडून काही मिळण्यासारखं नव्हतं. न्यायमूर्ती जॉइस यांचं म्हणणं थोडक्यात असं. धंद्यातला तोटा हा सगळ्यांचा, तो नफ्याच्या प्रमाणात वाटा. पण एका भागीदाराकडे आपला वाटा भरायला पैसे नाहीत, हा धंद्यातला तोटा नाही. बाकीच्यांनी स्वतःच्या वाट्याचा तोटा भरायचा, विल्किन्सचा नाही. आणि मग जे काही जमा आहे ते भांडवलाच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. म्हणजेच कमी पडतं तेही भांडवलाच्याच प्रमाणात.

तो निकाल इंग्लंडच्या 1890 च्या भागीदारी कायद्यावर होता. आपलं कलम 48 त्यातल्या कलमासारखंच आहे, म्हणून हा निकाल आपल्याकडच्या अभ्यासक्रमातही आला.

आपल्या भावांना लावून बघू. नियमाप्रमाणे थोरला आणि मधला आपापल्या तोट्याचे अडीच-अडीच लाख रोख आणतात. त्यांची भांडवलं परत 9 लाख आणि 3 लाख होतात. तूट 1 लाख 20 हजार, प्रमाण 3 ला 1. थोरल्यावर 90 हजार, मधल्यावर 30 हजार. बाकी राहिली 8 लाख 10 हजार आणि 2 लाख 70 हजार. बँकेत 5 लाख 10 हजार, धाकट्याचे 70 हजार, या दोघांचे 5 लाख, मिळून 10 लाख 80 हजार. जुळलं. दोघांनी आणलेले अडीच-अडीच लाख वजा करा, म्हणजे निव्वळ हातात किती आले ते कळेल. थोरला 5 लाख 60 हजार, मधला 20 हजार.

हे अडीच लाख आणायचे आणि लगेच परत न्यायचे, यात अर्थ काय, असं तुम्ही विचाराल. प्रत्यक्ष व्यवहारात बहुधा कुणी आणत नाही, वहीत नोंद होते. पण त्या नोंदीमुळे एक चूक टळते. प्रमाण काढायचं ते तोटा वजा करण्याआधीच्या भांडवलावर. ज्यांनी तोटा आधी वजा केला, त्यांनी साडेसहा लाख आणि 50 हजार धरले, म्हणजे 13 ला 1. मग मधल्यावर जेमतेम साडेआठ हजार येतात आणि थोरल्यावर 1 लाख 11 हजारांहून जास्त. उत्तर दिसायला ठीक, पण चूक.

उलट बाजूची चूकही होते. ताळेबंदात राखीव निधी किंवा न वाटलेला नफा असेल तर तो आधी भांडवलात मिसळायचा आणि मगच प्रमाण काढायचं. भांडवलं स्थिर असतील, चालू खाती वेगळी ठेवलेली असतील, तर मात्र स्थिर भांडवलाचंच प्रमाण.

माझं मत विचाराल तर गार्नरचा नियम मला पूर्ण पटत नाही. ज्यानं जास्त पैसा घातला त्यालाच जास्त फटका. समजा मधला मोठा जमीनदार आहे, नुसतंच भांडवल कमी घातलंय. तरी तूट भरताना त्याची श्रीमंती बघितली जात नाही, वहीतला आकडा बघितला जातो. आणि एखाद्या सधन भागीदाराचं भांडवल खातं मुळातच नावे बाकी दाखवत असेल, तर त्याच्यावर नादाराच्या तुटीतलं काहीच येत नाही. दुसरीकडे समान वाटणीत मधल्यासारखा माणूस चिरडला जातो. दोन्ही नियम कुणावर तरी अन्याय करतातच.

म्हणून करारपत्र लिहिताना हे एक वाक्य घाला: ‘एखादा भागीदार नादार झाल्यास त्याची भांडवली तूट इतर भागीदार अमुक प्रमाणात सोसतील.’ अमुकच्या जागी प्रमाण लिहा, आणि भांडवलाचं म्हणत असाल तर कोणत्या तारखेचं भांडवल तेही लिहा. बाजारात मिळणाऱ्या छापील मसुद्यांवर विसंबू नका, त्यात हे कलम आहे का ते आधी बघा.

आणखी एक. सूत व्यापाऱ्याला या भांडणाशी काही देणंघेणं नाही. कलम 25 प्रमाणे संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. मालमत्ता विकूनही त्याचे पैसे भागले नसते तर तो सरळ थोरल्याच्या दारात आला असता, आणि थोरल्यानं नंतर भावांकडून वसूल करायचे, हा त्याचा प्रश्न.

आणि हिशेब मिटल्यावर वर्षभरानं धाकट्याच्या एखाद्या जुन्या येण्यातून आणखी 40 हजार आले तर? ज्या प्रमाणात तूट सोसली त्याच प्रमाणात परत. गार्नरप्रमाणे मिटवलं असेल तर थोरल्याला 30 हजार, मधल्याला 10 हजार. समान वाटणीनं मिटवलं असेल तर 20-20.