गुरगुरणं थांबलं, तेव्हा

दुसरा कुत्रा आणू का, असं कुणी विचारलं की मी आधी पहिल्याची चौकशी करते. ‘तो एकटा पडतो हो,’ असं उत्तर ठरलेलं असतं. पण रस्त्यात दुसरं कुत्रं दिसल्यावर तो अंग सैल सोडून वास घ्यायला जातो, की ताठ उभा राहून टक लावून बघतो? ताठ होत असेल, तर एकटेपणा तुमच्या मनातला आहे, त्याच्या नाही. आणि तो उतारवयाचा असेल, तर आधी त्याचे सांधे तपासून घ्या.

हे मी एका घरामुळे शिकले. राणी सात वर्षांची, चिमी तीन महिन्यांची असताना आणलेली. वर्षभर सगळं छान चाललं, कारण पिल्लाचा आगाऊपणा मोठी कुत्री बऱ्यापैकी खपवून घेतात. चिमी दीड वर्षाची झाली आणि भांडणं सुरू झाली. साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रं मनानं प्रौढ होतं, तेव्हा जुनी सवलत संपते. त्यातून दोन्ही माद्या; त्यांची भांडणं बरेचदा जास्त चिघळतात.

भांडण व्हायचं दारात, दोघींना पाळणाऱ्या ताई कामावरून घरी आल्या की. त्या म्हणाल्या, ‘काही कारण नसताना राणी एकदम चावते.’ मी दाराशी बसून पाहिलं. चिमी उड्या मारत राणीच्या मागच्या पायांवर आदळली. राणी दोन सेकंद गोठली, तोंड मिटलं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसलं, आणि मग झेपावली. पूर्वी ती गुरगुरायची. दर वेळी ओरडा खाल्ल्यावर तिनं गुरगुरणं सोडलं, राग मात्र तसाच राहिला. गुरगुरणं म्हणजे इशारा आहे, त्याला शिक्षा कृपा करून करू नका.

डॉक्टरांनी तपासलं तर राणीच्या खुब्यात संधिवात निघाला. चिमीचा प्रत्येक धक्का तिला दुखत होता. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक औषध सुरू झालं. दाराच्या आत जाळीचं फाटक बसवलं. ताई येताना चिमी त्याच्या मागे, आणि दोघी शांत होईपर्यंत कुणाचेच लाड नाहीत. जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून, नंतर भांडी उचलायची. चघळायचं हाडूक एकत्र कधीच नाही. रोज दोन माणसं त्यांना फिरवायची, आधी मध्ये पंधरा पावलांचं अंतर ठेवून, मग हळूहळू जवळ. ‘मोठीला आधी मान द्या’ हा सल्ला मी दिला नाही. भांडण मानाचं नव्हतंच.

भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. अंगावर जाड चादर टाका, किंवा मध्ये फळी सरकवा. टाके पडण्याइतक्या जखमा वारंवार होत असतील, तर मात्र त्यांना कायम वेगळं ठेवावं लागतं, किंवा एकीसाठी दुसरं चांगलं घर शोधावं लागतं. तसं करणाऱ्याला मी दोष देत नाही.

राणी-चिमीला अडीच महिने लागले. आता दोघी एका खोलीत झोपतात, थोडं अंतर ठेवून. राणी अधूनमधून गुरगुरते, चिमी बाजूला होते. फाटक अजून तिथंच आहे.