संघटनेच्या बैठकीत ठरलेला कडता

श्रोतेहो, नमस्कार.

सोयाबीनची आवक वाढली की लातूर, उदगीर, हिंगोली, परभणीच्या मोंढ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सगळे एकच भाव सांगतात, म्हणजे यांचं आधीच ठरलेलं आहे." हे कधी खरं असतं, कधी नसतं. स्पर्धा कायदा, 2002 हा फरक कसा करतो, ते आज पाहू.

आधी जिथे काहीच ठरलेलं नसतं, ते बघा. तेल प्लांट आपला खरेदी दर जाहीर करतात, बहुधा 10 टक्के ओलावा धरून. तो दर मोंढ्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. त्यातून गाडीभाडं, हमाली आणि आपला नफा वजा केला की व्यापाऱ्याची बोली तयार होते. सगळ्यांचे खर्च जवळपास सारखे, म्हणून बोल्याही पाच-दहा रुपयांच्या अंतराने एकाच जागी येतात. नुसता सारखा भाव हा गुन्ह्याचा पुरावा नाही. शेतकऱ्याला हे ऐकून वाईट वाटेल, पण तक्रारी इथेच सर्वांत जास्त फसतात.

आता दुसरा प्रसंग, कल्पनेतलाच. एका तालुक्याच्या गावी 12 खरेदीदारांची संघटना आहे. बैठकीत ठरतं की उद्यापासून प्रत्येकाने क्विंटलमागे 1 किलो कडता कापायचा, म्हणजे तेवढ्या वजनाचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे नाहीत. जो कापणार नाही, त्याला 5,000 रुपये दंड आणि त्याच्याशी कुणी व्यवहार करायचा नाही. लिलावात बोली मात्र मोकळी. उद्या विचारलं तर संघटना म्हणेल, "आम्ही भाव कुठे ठरवला?"

कायद्याच्या कलम 3 मध्ये याचं उत्तर आहे. खरेदीची किंवा विक्रीची किंमत "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे" ठरवणारा स्पर्धकांमधला करार त्यात धरला आहे. भाव 4,500 रुपये असेल तर 1 किलो कडता म्हणजे क्विंटलला 45 रुपये. 20 क्विंटल आणणाऱ्या शेतकऱ्याचे 900 रुपये गेले. एका खरेदीदाराने हंगामात 10,000 क्विंटल घेतले, तर त्याच्याकडे साडेचार लाख रुपये आले. ठराव नसता तर बारांतल्या एखाद्याने "माझ्याकडे कडता नाही" म्हणून माल आपल्याकडे ओढला असता. बाकीच्यांनाही मग कडता सोडावा लागला असता. ठरावाने नेमकी हीच शक्यता मारली.

असा करार लेखी असण्याची गरज नाही. तोंडी समजूत, मान डोलावणं, ग्रुपवर टाकलेला अंगठा, सगळं करारातच येतं. शिवाय कार्टेलच्या, म्हणजे स्पर्धकांच्या अशा संगनमताच्या, बाबतीत स्पर्धेचं नुकसान झालं असं कायदा गृहीत धरतो. करार सिद्ध झाला की नुकसान झालं नाही, हे दाखवायची जबाबदारी करणाऱ्यांवर येते. आणि कार्टेलच्या व्याख्येतच उत्पादक-व्यापाऱ्यांची संघटना हा शब्द आहे, त्यामुळे नोंदणीकृत संस्थेच्या आडोशाचा उपयोग नाही.

औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेचं प्रकरण याचा नमुना आहे. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर कंपनीने आधी संघटनेचं ना-हरकत पत्र घ्यायचं, अशी प्रथा होती. किमतीवर सरकारी नियंत्रण नसलेल्या औषधांवर घाऊक विक्रेत्याला 10 टक्के आणि किरकोळ दुकानदाराला 20 टक्के मार्जिन, हेही ठरलेलं होतं. स्पर्धा आयोगाने 2013 साली हे बेकायदा ठरवून संघटनेला सुमारे 47 लाख रुपये दंड केला. ना-हरकत पत्र दिसायला साधा कागद असतो, पण नव्या माणसाला बाजारात येऊ द्यायचं की नाही, हे जुने दुकानदार ठरवतात, असा त्याचा अर्थ होतो.

मग सारखा भाव पुराव्यात केव्हा मोजला जातो? धान्याच्या गोदामात किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. 2009 साली भारतीय अन्न महामंडळाच्या त्या गोळ्यांच्या निविदेत तीन कंपन्यांनी एकच दर भरला, किलोला 388 रुपये. निविदा बंद पाकिटातल्या, कंपन्यांचे उत्पादन खर्च वेगवेगळे, तरी आकडा एक रुपयाही हलला नाही. प्लांटच्या जाहीर दरासारखं इथे काहीच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. तेव्हा तक्रार करणाऱ्याने स्वतःला विचारावं: हा सारखेपणा दुसऱ्या कुठल्या साध्या कारणाने समजतो का? समजत असेल, तर अजून पुरावा हवा.

दंडाची कमाल मर्यादा ऐका. कार्टेल जितकी वर्षं चालली, त्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यातलं जे जास्त असेल ते. वर्षाला 5 कोटींची उलाढाल आणि 10 लाख नफा असलेला व्यापारी घ्या. नफ्याची तिप्पट 30 लाख, उलाढालीचे 10 टक्के 50 लाख. तीन वर्षांची मर्यादा दीड कोटी. प्रत्यक्षात दंड कमी लागू शकतो, पण कमी मार्जिनच्या धंद्यात उलाढालीवरचा दंड किती जड असतो, हे यातून कळावं. संघटनेतली जबाबदार माणसंही वैयक्तिक दंडाला पात्र ठरू शकतात.

व्यापारी मित्रांना एक कळकळीचं सांगणं. बैठकीत कडत्याचा किंवा दराचा विषय निघाला तर गप्प बसणं पुरेसं नाही. गप्प बसलेला सहभागीच धरला जाऊ शकतो. विरोध नोंदवा, तो इतिवृत्तात लिहायला लावा आणि उठून जा. ग्रुपवर आलं असेल तर तिथेच लेखी नकार द्या. आधीच अडकला असाल, तर आयोगाकडे सर्वांत आधी जाऊन पूर्ण आणि खरी माहिती देणाऱ्याचा दंड 100 टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. दुसऱ्याला 50, तिसऱ्याला 30 टक्क्यांपर्यंत. इथे क्रमाला किंमत आहे. सरकारकडे एकत्र निवेदन द्यायला, प्रशिक्षण घ्यायला मात्र संघटनेला कसलीच आडकाठी नाही.

"मोंढ्यात यांचं वर्चस्व आहे" ही तक्रारही अनेक जण कलम 4 खाली करू बघतात. ते कलम वर्चस्वाच्या गैरवापराचं आहे आणि आपल्या कायद्यात वर्चस्व एका उद्योगाचं किंवा एका समूहाचं मोजतात. वेगवेगळ्या मालकीच्या 12 व्यापाऱ्यांचं मिळून वर्चस्व, ही कल्पना त्यात नाही. त्यांच्यासाठी कलम 3 आहे. परिसरात एकच मोठा खरेदीदार असेल, तरी त्याचं मोठेपण हा अपराध नव्हे. अन्याय्य भाव किंवा अटी लादणं, इतरांची वाट अडवणं, हे दाखवावं लागतं.

शेतकऱ्याने काय जपावं? निरनिराळ्या दुकानांच्या, एकाच आठवड्यातल्या काटापट्ट्या आणि हिशोबपट्ट्या, ज्यांत कडता दिसतो. कडता सुरू झाला त्याच्या आधीच्या पट्ट्या. संघटनेचं परिपत्रक किंवा ग्रुपवरचा संदेश, तारीख दिसेल असा. बेकायदा कडत्याची तक्रार बाजार समितीकडे आणि सहकार खात्याच्या निबंधकांकडेही करता येते, आणि ती लवकर हलते. नवी दिल्लीच्या आयोगाकडे ठरलेलं शुल्क भरून माहिती दाखल करावी लागते, तीही घटनेपासून तीन वर्षांच्या आत. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आयोग महासंचालकांना चौकशी सांगतो. दंड सरकारजमा होतो. आपले 900 रुपये परत हवे असतील, तर आयोगाचा निष्कर्ष लागल्यावर अपील न्यायाधिकरणाकडे भरपाईचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला पुन्हा त्याच पट्ट्या लागतात.