व्याजाचा कागदावरचा दर आणि खिशातला दर

[दृश्य: कर्जमंजुरीच्या पत्रावर एक बोट सरकत 'व्याजदर' या ओळीवर थांबते.]

कर्जाच्या मंजुरीपत्रावर एक आकडा ठळक छापलेला असतो. द. सा. द. शे. १०. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'नाममात्र व्याजदर' म्हणतात. मराठीत नाममात्र म्हटले की अगदी थोडे, असा अर्थ पटकन डोक्यात येतो. इथे तो अर्थ नाही. रुपयांत मोजलेला, करारात लिहिलेला दर एवढाच त्याचा अर्थ. आपण त्याला कागदावरचा दर म्हणू.

पण कर्ज घेताना आपण रुपयांतून वस्तू घेतो, आणि फेडताना वस्तू किंवा श्रम विकून रुपये उभे करतो. म्हणून दुसरा एक दर मोजावा लागतो: घेतलेल्या वस्तूंच्या मानाने किती जास्त वस्तू परत द्याव्या लागल्या? हा वास्तव व्याजदर.

[दृश्य: किराणा दुकान. तेल, तूरडाळ, साखर, चहा, साबण एका पिशवीत भरले जात आहेत.]

एका घराचा महिन्याचा किराणा घ्या. पिशवी भरून ५,००० रुपये. आज १ लाख रुपये कर्ज घेतले, म्हणजे हातात अशा २० पिशव्यांचे पैसे आले. व्याज १० टक्के. वर्षाने १,१०,००० रुपये एकरकमी परत करायचे आहेत.

वर्षभरात भाव जिथल्या तिथे राहिले, तर १,१०,००० म्हणजे २२ पिशव्या. वीस घेतल्या, बावीस दिल्या. वास्तव दर पूर्ण १० टक्के.

आता भाव ६ टक्क्यांनी वाढले असे धरा. तीच पिशवी ५,३०० रुपयांना मिळते. १,१०,००० ला ५,३०० ने भागले की येतात पावणेएकवीस पिशव्या. वीस घेतल्या आणि पावणेएकवीस दिल्या. वास्तव दर पावणेचार टक्के. कागदावरचा आकडा मात्र दोन्ही वेळा १०.

घाईत लोक १० मधून ६ वजा करतात आणि ४ टक्के सांगतात. महागाई कमी असताना ही वजाबाकी चालते, थोडाच फरक पडतो. नेमके उत्तर भागाकाराने मिळते: १.१० भागिले १.०६. महागाई भडकली की वजाबाकी पार फसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानात अधिकृत महागाई ८५.५ टक्के होती आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर १०.५ टक्के. वजाबाकी सांगते उणे ७५. भागाकार सांगतो उणे ४०. ज्याने लिरांमध्ये पैसे उसने दिले, त्याची क्रयशक्ती वर्षात चाळीस टक्क्यांनी घटली. तीन चतुर्थांश गेली असे म्हणणे चूक.

[दृश्य: दिनदर्शिकेची पाने पुढे उलटतात.]

या हिशोबात एक अडचण आहे, आणि सगळा विषय तिच्याभोवती फिरतो. कर्जावर सही आज होते, महागाई मात्र पुढच्या काळातली लागते. ती कुणालाच ठाऊक नसते. म्हणून सही करताना जो वास्तव दर डोक्यात असतो, तो अपेक्षित महागाईवर काढलेला असतो. वर्ष संपल्यावर जो हाती येतो, तो घडलेल्या महागाईवर. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १८९६ मध्ये हा संबंध नीट मांडला. सावकाराला महागाईची चाहूल लागली की तो ती व्याजात आधीच धरतो. म्हणून अपेक्षित महागाई कर्जदाराला फारशी फुकट मिळत नाही. फायदा-तोटा होतो तो अनपेक्षित भागाचा.

आता आपल्याकडची अलीकडची तीन-चार वर्षे पाहू. हिशोब नीट उलगडतो.

[दृश्य: ऑक्टोबर २०२१. सणासुदीच्या गृहकर्जाच्या जाहिराती.]

ऑक्टोबर २०२१. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीचे कर्ज देते तो रेपो दर ४ टक्के. त्यावर बँकेचे २.७ टक्के जोडून एका कुटुंबाने ६.७ टक्क्यांनी ५० लाखांचे गृहकर्ज घेतले, २० वर्षांसाठी. हप्ता ३७,८७० रुपये. दर बदलता, रेपोशी बांधलेला.

एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. कर्ज ६.७ टक्क्यांचे. या दोन आकड्यांवरून वास्तव दर उणे १ टक्का निघतो. पण ७.७९ ही मागच्या बारा महिन्यांची भाववाढ. हप्ते तर पुढे भरायचे आहेत. त्याच एप्रिलमध्ये २०२२-२३ साठी रिझर्व्ह बँकेचा महागाईचा अंदाज ५.७ टक्के होता. त्यावर हिशोब केला तर वास्तव दर येतो अधिक १ टक्का. कर्ज स्वस्त होतेच, फुकट नव्हते.

ऑक्टोबर २०२५. रेपो ५.५ टक्के, म्हणून त्याच कर्जाचा दर ८.२ टक्के. किरकोळ महागाई फक्त ०.२५ टक्के, २०१२ हे आधारवर्ष असलेल्या निर्देशांकाच्या मालिकेतला नीचांक. मागच्या महागाईने वास्तव दर जवळपास ८ टक्के भरतो. हा आकडा पाहून कुणीही घाबरेल. पण ती महागाई इतकी खाली आली होती मुख्यतः भाजीपाला आणि डाळींचे भाव आधीच्या वर्षाच्या तुलनेत कोसळल्यामुळे. घरात टिकाऊ स्वस्ताई आली होती असे नाही. उरलेली सोळा वर्षे भाव असेच गोठून राहतील असे कुणी धरत नाही. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट ४ टक्के आहे, तेच अपेक्षित धरले तर वास्तव दर ४ टक्के.

म्हणजे मागच्या महागाईचे चष्मे घातले, तर कर्जाचा वास्तव भार उणे एकवरून आठवर उडी मारतो. अपेक्षित महागाईने पाहिले, तर एकवरून चारवर. कर्ज महागले हे दोन्ही सांगतात, पण निर्णय दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा असतो. मुदत जितकी लांब, तितकी या महिन्याच्या महागाईची किंमत कमी.

घराघरांतली अपेक्षा मात्र वेगळी असते. रिझर्व्ह बँक कुटुंबांना विचारून सर्वेक्षण करते, आणि त्यात लोक सांगतात ती महागाई अधिकृत आकड्यापेक्षा सातत्याने बरीच जास्त असते. दूध, भाजी, शाळेची फी रोज दिसतात. स्वस्त झालेला मोबाइल डेटा डोळ्यांत भरत नाही. ज्याला वाटते की भाव वर्षाला ८ टक्क्यांनी वाढणार, त्याच्या दृष्टीने ८.२ टक्क्यांचे कर्ज जवळजवळ बिनव्याजी. तो कर्ज काढून आजच खरेदी करतो. अंदाज चुकून महागाई ४ टक्केच राहिली, तर त्याने न मोजलेला ४ टक्क्यांचा भार त्याच्यावर पडतो.

[दृश्य: मोबाइलवर बँकेचा संदेश. 'आपल्या कर्जाची मुदत वाढवण्यात आली आहे.']

आता त्याच कुटुंबाकडे परत. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो वाढवला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर गेला. कर्जाचा दर ६.७ वरून ९.२. स्थिर दराचे कर्ज असते, तर अनपेक्षित महागाईचा लाभ कर्जदाराकडे राहिला असता. बदलत्या दरात तो लाभ बँक काही महिन्यांत परत घेते. महागाई आधी येते, तिच्या मागोमाग व्याज येते.

पुष्कळ ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली. इथे थांबून आकडे बघा. मुद्दल ४९ लाख उरले आहे. ९.२ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज ३७,५६७ रुपये. हप्ता ३७,८७०. म्हणजे मुद्दलात जमा झाले ३०३ रुपये. या हप्त्याने कर्ज फिटायला जवळपास ५३ वर्षे लागतील. मुद्दल ५० लाख असते, तर व्याजच ३८,३३३ झाले असते, हप्ता व्याजालाही पुरला नसता आणि कर्ज दरमहा वाढत गेले असते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी बँकांना बजावले: मुदत वाढवताना मुद्दल वाढत जाईल अशी स्थिती येऊ देऊ नका, आणि दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा स्थिर दराकडे जाणे हे पर्याय द्या. आपल्या कर्जखात्याच्या उताऱ्यात 'मुद्दल' आणि 'व्याज' असे दोन रकाने असतात. मुद्दलाच्या रकान्यातला आकडा शेकड्यांत आला की हप्ता वाढवून मागायची वेळ आली.

[दृश्य: दोन तक्ते शेजारी शेजारी. हप्त्याच्या रेषा उलगडत जातात.]

वास्तव दर सारखा असला तरी भार सारखा नसतो, ही गोष्ट फार थोडे लोक सांगतात. एका देशात महागाई २ टक्के, व्याज ६. दुसऱ्यात महागाई ८, व्याज १२. वास्तव दर दोन्हीकडे पावणेचार-चारच्या आसपास. पण २० वर्षांच्या ५० लाखांवर पहिला हप्ता एकीकडे ३५,८२२ आणि दुसरीकडे ५५,०५४. महागाईच्या देशात कर्जदार पुढच्या भाववाढीची भरपाई पहिल्या महिन्यापासून देतो, आणि पगार अजून वाढलेला नसतो. पुढे पगार फुगला की तोच हप्ता हलका वाटतो. म्हणून जास्त महागाईत कर्ज वास्तवात महाग नसूनही तरुण कुटुंब पात्रच ठरत नाही.

शेवटची बाजू. हा सगळा हिशोब सरासरी महागाईवर चालला. पण कर्ज सरासरी माणूस फेडत नाही. नोकरदाराने अपेक्षित महागाईच्या जोडीला आपल्या पगारवाढीचा दरही मांडून पाहावा, कारण हप्ता त्याच्या पगारातून जातो. आणि शेतकऱ्याला तर त्याच्या पिकाचाच भाव मोजावा लागतो.

[दृश्य: बाजार समितीच्या आवारात सोयाबीनची पोती. हमाल काट्यावर वजन करतो.]

सोयाबीनचे उदाहरण घ्या. भाव ५,००० रुपये क्विंटल असताना ७ टक्क्यांनी १ लाख घेतले, म्हणजे २० क्विंटलचे पैसे. वर्षाने फेडायचे १,०७,०००. दरम्यान भाव ४,२०० वर आला असे मानू. आता साडेपंचवीस क्विंटल विकावे लागतील. कागदावर ७ टक्के, सोयाबीनमध्ये सुमारे २७.४ टक्के. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या खाली राहिला, त्या वर्षी देशाची महागाई मात्र शून्याच्या वरच होती. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते, तिने ७ चा आकडा खाली येतो. वरचे जवळपास वीस टक्के भाव पडल्यामुळे आलेले असतात, आणि कोणत्याही व्याज-सवलतीच्या यादीत त्यांची नोंद नसते.

[दृश्य: काट्यावरचे पोते खाली उतरते. पावतीवर क्विंटल आणि भाव लिहिला जातो.]