सूत्र एकच, सुगंध तीन

संत्र्याची साल नखाने दाबली की जो तेलकट फवारा उडतो, त्यात बहुतांश लिमोनिन असतं. पाइनच्या डिंकापासून काढलेल्या टर्पेंटाइनमध्ये अल्फा-पायनीन असतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासाचं विश्लेषण झालं, तेव्हा त्यात ओसिमिनचं प्रमाण मोठं निघालं. तीन वेगळे वास, तीन वेगळे पदार्थ. पण तिघांचंही रेणुसूत्र एकच आहे: C10H16.

या सूत्रात दहा कार्बन आहेत. हे कार्बन साध्या एकेरी बंधांनी साखळीसारखे जोडले, तर प्रत्येकाला दोन हायड्रोजन आणि साखळीच्या दोन टोकांना एकेक जादा, असे बावीस हायड्रोजन लागतात. साखळीला फांद्या फुटल्या तरी हा आकडा बदलत नाही. आपल्याकडे आहेत सोळाच. म्हणजे सहा कमी.

आता हे सहा गेले कुठे? शेजारच्या दोन कार्बननी आपापला एक हायड्रोजन सोडून आपसात दुसरा बंध जोडला की दोन हायड्रोजन कमी होतात. साखळीची दोन टोकं एकमेकांना जोडून वलय झालं, तरीही दोनच कमी होतात. म्हणून सहाला दोनने भागायचं. उत्तर तीन. हा झाला असंपृक्ततेचा अंक. तिहेरी बंध असेल तर तो एकटाच दोन मोजायचा.

पण या तीनमध्ये वलयं किती आणि दुहेरी बंध किती, हे सूत्र सांगत नाही. तो निवाडा प्रयोगशाळेत होतो.

योग्य उत्प्रेरकावर हायड्रोजन दिला की दुहेरी बंध तो घेतात, वलयं सहसा घेत नाहीत. तिन्ही पदार्थांचे 1.36 ग्रॅम, म्हणजे एका मोलचा शंभरावा भाग घेऊ. शून्य अंश सेल्सिअस आणि एका वातावरणाच्या दाबाला प्रत्येक दुहेरी बंधामागे साधारण 224 मिलिलिटर हायड्रोजन शोषला जायला हवा. पायनीन तेवढाच घेऊन थांबतं, म्हणजे त्यात दुहेरी बंध एक आणि वलयं दोन. लिमोनिन 448 घेतं. दुहेरी बंध दोन, वलय एक. ओसिमिन 672 घेतं. त्यात वलय नाहीच, तिन्ही दुहेरी बंध आहेत. त्यातून तयार होणारं C10H22 पूर्ण संपृक्त असतं.

या C10H16 सूत्राचा गुंता एकोणिसाव्या शतकात फार मोठा होता. वनस्पतींच्या तेलांतून मिळालेल्या पदार्थांना उगमानुसार नावं दिलेली, आणि त्यांतले कितीतरी मुळात एकच. जर्मनीतल्या बॉन इथे ऑटो वालाख यांनी हे काम हाती घेतलं. तेलं शुद्ध ओळखणं अवघड, म्हणून ते त्यांच्यापासून स्फटिक बनवत आणि स्फटिकांचा वितळणबिंदू तपासत. लिमोनिनवर ब्रोमीनची क्रिया केली की C10H16Br4 चे स्फटिक मिळतात. अंक मोजताना ब्रोमीन किंवा क्लोरीनचा अणू हायड्रोजनच्या जागी धरायचा, कारण त्याचाही एकच बंध असतो. सोळा आणि चार मिळून वीस, बावीसला दोन कमी. अंक एक. दोन दुहेरी बंध ब्रोमीनने भरले आणि वलय तेवढं उरलं. वालाख यांना 1910 चं नोबेल मिळालं ते अशा चिकाटीच्या कामासाठी.

ऑक्सिजन मोजणीत धरायचा नाही. तो दोन अणूंच्या मध्ये बसतो आणि हायड्रोजनची संख्या तशीच ठेवतो. नायट्रोजनचे बंध तीन, म्हणून प्रत्येक नायट्रोजनमागे कमाल हायड्रोजन एकाने वाढवायचा. कॉफीतलं कॅफिन घ्या, C8H10N4O2. आठ कार्बनला अठरा, चार नायट्रोजनचे चार, एकूण बावीस. आहेत दहा. बारा कमी, अंक सहा. कॅफिनमध्ये खरोखरच दोन वलयं आणि चार दुहेरी बंध आहेत, आणि त्या चारांपैकी दोन कार्बन आणि ऑक्सिजनमधले आहेत.

उत्तर साडेतीन असं अर्ध्यात आलं, तर सूत्र लिहिण्यात किंवा वाचण्यात चूक आहे, नाहीतर समोर पूर्ण रेणू नसून आयन किंवा मुक्त मूलक आहे. C10H15 हे साध्या स्थिर रेणूचं सूत्र असू शकत नाही.

गंधक मात्र फसवतो. डायमिथाइल सल्फॉक्साइडचं सूत्र C2H6OS. नियमाने अंक शून्य येतो, पण पुस्तकात गंधक आणि ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध काढलेला दिसतो. कारण आपण गंधकाचे दोनच बंध धरलेले असतात. हायड्रोजनची चाचणीही सगळीकडे चालत नाही. तीन कार्बनांचं ताणलेलं वलय उत्प्रेरकावर उघडतं आणि दुहेरी बंधासारखाच हायड्रोजन घेतं. उलट बेंझीनचं वलय सौम्य परिस्थितीत काहीच घेत नाही, जरी C6H6 चा अंक चार आहे. म्हणून कमी कार्बनांच्या सूत्राचा अंक चार किंवा त्याहून मोठा आला, की रसायनतज्ज्ञ आधी बेंझीनचं वलय आहे का, तेच तपासतात.