नजर लेन्सवर, अक्षरं लेन्सखाली

(दृश्य: फोनचा पुढचा कॅमेरा, अगदी जवळून)

टाचणीच्या डोक्याएवढा हा काळा ठिपका. बोलणारा याच्याकडे पाहतो, तेव्हा प्रेक्षकाला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय. पण टेलिप्रॉम्प्टर ॲपमधला मजकूर सरकतो तो या ठिपक्याच्या खाली.

फोन उभा धरलाय आणि वाचायची ओळ पडद्याच्या मध्यावर आहे, असं समजू. म्हणजे ती कॅमेऱ्यापासून साधारण ७ सेंटिमीटर खाली. फोन चेहऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर नजर जवळपास १० अंश खाली झुकते. चित्रात हे लगेच कळतं.

(दृश्य: स्टँडवरचा फोन मागे सरकवला जातो)

आता फोन एक मीटर लांब, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर. ओळ तीच, पण झुकाव ४ अंशांवर आला. ॲपच्या सेटिंगमध्ये मजकुराची चौकट वर ओढून वाचायची ओळ लेन्सखाली २ सेंटिमीटरवर आणली, की उरतो जेमतेम एक अंश. तो कुणाच्या ध्यानात येत नाही.

अंतर वाढलं की अक्षरंही त्याच पटीत मोठी करावी लागतात. मग एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात, आणि हे फार चांगलं होतं. ओळ लांब असली की डोळे डावीकडून उजवीकडे सरकत जातात आणि ओळ संपताच झटक्यात मागे येतात. वाचतोय हे उघड होतं ते या झटक्यामुळे. खाली झुकलेली नजर एक वेळ खपून जाते, आडवी फिरणारी नाही. फोन आडवा ठेवला, तर कॅमेरा एका बाजूला जातो. तेव्हा मजकुराची चौकट अरुंद करून त्याच बाजूला चिकटवा.

लांब ठेवण्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. चेहरा लहान दिसतो. पुढचा कॅमेरा फोर-के चित्रण करत असेल, तर संकलनात चौकट कापून तो मोठा करता येतो. आणि फोनचा माइक खोलीतला घुमारा पकडतो, म्हणून कॉलरला माइक लावावाच.

(दृश्य: सरकणारा मजकूर)

वेग ठरवताना अंदाज नको. एक मिनिट मोठ्याने वाचा आणि शब्द मोजा. ११० भरले, तर ३३० शब्दांच्या मजकुराला तीन मिनिटं द्या. वेग जास्त झाला की डोळे ओळीचा पाठलाग करतात, पापण्या लवत नाहीत आणि चेहरा थिजतो. परिच्छेद संपेल तिथे दोन-तीन रिकाम्या ओळी सोडा. तेवढ्या वेळात श्वास घेता येतो, क्षणभर नजर दुसरीकडे वळवून परत लेन्सवर आणता येते. समोरासमोर बोलतानाही आपण असंच पाहतो.

मग अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा आणि आवाज बंद करून पाहा. बुबुळं आडवी हलताना दिसली, तर चौकट आणखी अरुंद करा. नजर सतत खाली दिसली, तर ओळ वर घ्या.