अज्ञान, अल्पवयीन, बालक आणि पोर

(पुण्यात बातमीदार आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुळशीकडची एक बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सातबाऱ्याचा उतारा घेऊन आल्या होत्या. नवरा गेला होता, वारसांची नोंद झाली होती. उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहिलं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की यातला ‘अ’ म्हणजे अज्ञान. डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, “साहेब, माझा पोरगा बारावी सायन्सला आहे. त्याला अज्ञान कोणी ठरवलं?”

आजचा विषय त्यांच्या या प्रश्नातून निघाला. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. महसूल खात्याच्या आणि न्यायालयाच्या मराठीत ‘अज्ञान’ म्हणजे ज्याला अजून अठरा पूर्ण झालेली नाहीत तो, आणि अठरा पूर्ण झाली की तो ‘सज्ञान’. अक्कल किती, शिक्षण किती, याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. एकच गोष्ट तो सांगतो: या व्यक्तीला स्वतःच्या सहीने करार करता येत नाही, तिच्यासाठी दुसऱ्या कोणाला उभं राहावं लागतं. त्या बाईंना मी हेच समजावलं. तरी शब्द टोचतो, हे खरंच आहे. म्हणून बोलताना मी ‘अल्पवयीन’ म्हणतो आणि दस्तात ‘अज्ञान’ लिहितो, कारण तलाठी, दुय्यम निबंधक आणि न्यायालय तिघंही तो शब्द एकाच अर्थाने वाचतात.

त्यांचं प्रकरण जरा पुढे नेतो. जमीन नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली. वारस तीन: त्या स्वतः, सतरा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. सासू हयात नव्हती, त्यामुळे तिघांना सारखा, एकेक तृतीयांश हिस्सा. एक गिऱ्हाईक आलं आणि त्याच्या माणसाने जाहीर नोटिशीचा मसुदा आणला. त्यात लिहिलं होतं, ‘मयताच्या पश्चात पत्नी व दोन लहान मुले असून पत्नीने सदर मिळकत विकण्याचे ठरविले आहे.’ बातमीत हे वाक्य चाललं असतं. नोटिशीत ते धोक्याचं, कारण ‘लहान मुले’ या शब्दांना कायद्यात काही मोजमाप नाही. मिळकतीचा दोन तृतीयांश भाग ज्यांचा, ते या वाक्यात आईच्या पदराआड गेले.

मी ते असं करायला लावलं: प्रत्येक वारसाचं नाव, जन्मतारीख, ‘अज्ञान, तर्फे पालनकर्ती आई’ आणि प्रत्येकाचा हिस्सा. तसं लिहिल्याबरोबर अडचण आपोआप वर आली. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे आईसुद्धा अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. परवानगी न घेता विकली, तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. म्हणजे खरेदीदाराचे पैसे अडकणार, आणि लेकरांना आपल्याच जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार. नोटिशीत मोघम शब्द दिसला, की मी आधी जन्मतारीख विचारतो, ती यामुळे.

आता बातमीकडे. तिथे ‘अज्ञान’ लिहू नका, वाचक मूर्ख असा अर्थ घेईल. ‘अल्पवयीन’ हा चांगला शब्द आहे, पण तोही सरसकट वापरून बोथट झालाय. सहा वर्षांच्या मुलीला ‘अल्पवयीन मुलगी’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर कॉलेजला जाणारी मुलगी येते. तिथे सरळ ‘सहा वर्षांची मुलगी’ लिहा. ‘चिमुरडी’सुद्धा नको; गुन्ह्याच्या बातमीत तो शब्द वाचकाच्या हुंदक्यासाठी वापरला जातो, मुलीसाठी नाही. वयाची रेषा हीच बातमी असेल, म्हणजे गाडी चालवणं किंवा मुलीचं लग्न, तेव्हा ‘अल्पवयीन’ अगदी नेमका बसतो.

‘बालगुन्हेगार’ मात्र कायमचा सोडून द्यावा, असं मी कळकळीने सांगतो. 2015च्या बाल न्याय अधिनियमात त्याजागी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे. शब्द जड आहे, मान्य. बातमीत ‘ताब्यात घेतलेला मुलगा’ म्हटलं तरी पुरतं. पण गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच गुन्हेगार म्हणणं कोणत्याच वयात बरोबर नाही. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोघांचा जीव गेला आणि मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला, तेव्हा मला कितीतरी जणांनी रागाने विचारलं, “एवढा घोडा झालाय, त्याला बालक कसं म्हणता?” राग मला समजत होता. दोन घरांतली तरुण माणसं गेली होती. पण ‘बालक’ हा शब्द तिथे निरागसपणाचा दाखला म्हणून येत नाही. प्रकरण आधी बाल न्याय मंडळापुढे जाईल, एवढंच तो सांगतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवावा का, याची प्राथमिक तपासणी तेच मंडळ करतं. वय धरायचं ते घटनेच्या दिवशीचं. म्हणून तेव्हा सतरा वर्षांचा असलेला माणूस विसाव्या वर्षी पकडला गेला, तरी मंडळाच्या कागदावर तो ‘बालक’च असतो.

‘किशोर’बद्दलही सांगतो. हिंदीत या कायद्याला ‘किशोर न्याय’ म्हणतात आणि घाईत भाषांतर करणारे तोच शब्द उचलतात. मराठीत ‘बाल न्याय’ म्हणायचं. आपल्याकडे ‘किशोरवयीन’ला बालमजुरीच्या कायद्यात वेगळं काम आहे: 2016च्या दुरुस्तीनंतर चौदापेक्षा लहान ते बालक आणि चौदा ते अठरा ते किशोरवयीन.

नाव छापायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कोणताही तपशील द्यायला मनाई करतं, पीडित आणि साक्षीदार मुलांचासुद्धा. पण ओळख फुटते ती बहुतेक नात्याच्या शब्दातून. ‘सावत्र बापाला अटक’ असं लिहून त्या बापाचं नाव आणि वस्ती दिली, की मुलीचं नाव न लिहिताही आख्ख्या वस्तीला कळतं. नातं सांगायचं तर आरोपीचं नाव गाळा. नाव द्यायचं तर नातं गाळा.

घरातली, कट्ट्यावरची मराठी मात्र वयाला बांधलेली नाही. ‘ते पोर’ म्हणजे मूल, ‘ती पोर’ म्हणजे मुलगी, आणि ‘आमच्या मंडळाची पोरं’ म्हणजे विशीपासून चाळिशीपर्यंत कोणीही. लग्नपत्रिकेत तिशीचा नवरदेव ‘चि.’ असतो. गावाकडून प्रतिक्रिया आली, “पोरांनी दगड मारले,” तर अवतरणात ती तशीच ठेवा, पण मथळ्यात ‘मुलांची दगडफेक’ करण्याआधी वयं विचारून घ्या. ‘मूल’, ‘लेकरू’, ‘पोरगं’ हे नपुंसकलिंगी शब्द एक मोठं काम करतात, मुलगा की मुलगी हे झाकून ठेवतात. ओळख लपवायची असेल तिथे ‘ते मूल’ लिहा. कृत्रिम वाटत नाही, कारण आपण घरी तसंच बोलतो.

त्या बाईंनी विक्री थांबवली. मुलाला अठरा पूर्ण झाली त्या आठवड्यात तोच माझ्याकडे आला. कायद्याने वाढदिवसाचा दिवस उजाडताच माणूस सज्ञान होतो. शाळा सोडल्याचा दाखला जोडून त्याने अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज तलाठ्याकडे दिला. अर्जात पहिलं वाक्य होतं, ‘मी आता सज्ञान झालो आहे.’ आई शेजारी उभी होती. तिने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि मला म्हणाली, “पोर मोठं झालं हो माझं.”